स्कूबा डायव्हिंगसाठी मालवण की लक्षद्वीप? पाण्याच्या रंगावरून ठरवा

भाचीने विचारलं, "मामा, फोटोत लक्षद्वीप निळं आणि मालवण हिरवट का?" जाहिरातींतले रंगवलेले फोटो बाजूला ठेवून सांगतो.

रंग: पाणी तांबडा प्रकाश चटकन शोषतं, निळा सगळ्यात कमी. उरलेला निळा पाण्याचे रेणू विखुरतात आणि तोच डोळ्यांपर्यंत येतो. समुद्र म्हणजे नुसतं आभाळाचं प्रतिबिंब नव्हे, हे शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये बोटीवरून निकोल प्रिझमने परावर्तित उजेड अडवून पाहिलं होतं. लक्षद्वीपला एकही नदी नाही, म्हणून हा निळा तिथे टिकतो. मालवणजवळच्या देवबागला कर्ली नदी गाळ आणि कुजलेल्या पाल्याचा पिवळसर अंश आणते. तो अंश निळाच गिळतो, शेवाळाचे सूक्ष्म कणही गिळतात. वरून तांबडा पाण्याने खाल्लेला, मग मधला हिरवा उरतो. गाळ फार झाला की पाणी मातकट दिसतं.

खोली: पाच-दहा मीटरवर तांबडा जवळपास संपतो, दोन्हीकडे. लाल मासा काळपट दिसतो. टॉर्च मारली की लाली परत येते. मालवणात मात्र टॉर्चचा उजेड गाळावरून उलटतो आणि फोटोत पांढरे ठिपके उमटतात. टॉर्च कॅमेऱ्यापासून लांब, तिरकी धरावी.

खर्च: लक्षद्वीपला परवाना लागतो, प्रवासही महाग.

पहिलीच डुबकी असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीत मालवण. दूरवरचं निळं दृश्य टिपायचं असेल तर लक्षद्वीपच.