फोनवर ऑर्डर घ्यायची, पण कशात? व्हॉट्सअ‍ॅप, गूगल फॉर्म की ऑर्डर अ‍ॅप

दुकानोदुकानी फिरून ऑर्डर घेणाऱ्या सेल्समनला कोणती पद्धत सोपी पडते, यावरून बहुतेक निवड होते. आमच्या मते निवड गोडाऊनच्या बाजूने करावी. संध्याकाळी कटऑफ झाल्यावर डिस्पॅचवाल्याच्या हातात नेमकं काय पडतं आणि त्यावरून तो किती वेळात माल काढायला लागतो, हे बघावं.

उदाहरणासाठी सहा सेल्समन धरू. प्रत्येकाच्या रूटवर 40 दुकानं, त्यातल्या 26 दुकानांत ऑर्डर मिळते आणि एका ऑर्डरमध्ये सरासरी 7 आयटम असतात. म्हणजे दिवसाला 156 ऑर्डर आणि सुमारे 1,090 ओळी. कटऑफ साडेसहाचा, गाड्या सकाळी भरायच्या.

व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यांना येतं, शिकवावं लागत नाही. पण ऑर्डर येते ती मेसेज किंवा वहीच्या फोटोच्या रूपात, आणि कुणीतरी ती पुन्हा टाइप करायची असते. ओळीला 10 सेकंद धरले तरी 1,090 ओळींना तीन तास लागतात. एकच ऑपरेटर असेल तर साडेनऊपर्यंत गोडाऊनमधून माल काढायची यादी, म्हणजे पिकलिस्टच तयार नाही. दोनच सेल्समन असतील तर हेच काम तासाभरात आटोपतं, म्हणून लहान धंद्यात ही पद्धत वर्षानुवर्षं चालते.

खरा घोटाळा दुरुस्तीत होतो. पाठवलेला मेसेज 15 मिनिटांतच बदलता येतो. त्यानंतर दुकानदाराचा फोन आला की सेल्समन खाली लिहितो, ‘वरचं डिटर्जंट 2 नाही 3’. मधे दुसऱ्या सेल्समनच्या चार ऑर्डरी आलेल्या असतात आणि ‘वरचं’ म्हणजे कुठलं ते ऑपरेटरला कळत नाही. एककाचंही तसंच. ‘साबण 6’ म्हणजे सहा नग, सहा डझन की सहा पेट्या? जुन्या ऑपरेटरला दुकान बघून अंदाज येतो; तो रजेवर गेला की माल परत यायला लागतो.

गूगल फॉर्म आणि शीट हा मधला मार्ग, आणि लोक समजतात त्यापेक्षा बरा. दुकानाचं नाव ड्रॉपडाऊनमधून निवडायचं आणि प्रत्येक आयटमचा वेगळा प्रश्न ठेवायचा. प्रश्नातच एकक लिहायचं, म्हणजे ‘साबण 100 ग्रॅम, पेटी’. उत्तरात फक्त आकडा घालता येईल अशी अट लावायची. शीटमध्ये आयटमवार बेरीज लगेच मिळते आणि टायपिंगचे तीन तास वाचतात.

ही पद्धत आयटमच्या संख्येवर अडते. 40 आयटमपर्यंत फॉर्म सुसह्य असतो. 120 झाले की कुणी तेवढं स्क्रोल करत नाही. मग फॉर्म बनवणारा 30 चालू आयटम ठेवतो आणि शेवटी ‘इतर माल’ असा मोकळा रकाना देतो. महिन्याभरात निम्मी ऑर्डर त्या रकान्यात जायला लागते, म्हणजे परत टायपिंग आलंच. शिवाय नेटवर्क नसेल तर फॉर्म सबमिट होत नाही. तळघरातल्या दुकानात सेल्समन कागदावर लिहून घेतो आणि संध्याकाळी आठवून भरतो. सबमिट झालं की नाही याची खात्री नसली की तो फॉर्म पुन्हा भरतो. शीटमध्ये एकाच दुकानाच्या दोन सारख्या ओळी दिसल्या तर कारण बहुधा हेच.

ऑर्डर अ‍ॅप घेण्याचं मुख्य कारण म्हणजे ते नेटवर्कशिवाय चालतं. दुकानं, आयटम, दर आणि सकाळचा स्टॉक फोनमध्ये उतरलेला असतो. ऑर्डर फोनवरच साठते आणि रेंज आली की सिंक होते. चांगलं अ‍ॅप प्रत्येक ऑर्डरला फोनवरच वेगळा क्रमांक देतं, त्यामुळे ती दोनदा पाठवली गेली तरी सर्व्हरवर एकदाच धरली जाते.

मात्र फोनवर दिसणारा स्टॉक शेवटच्या सिंकचा असतो, आत्ताचा नव्हे. गोडाऊनला 10 पेट्या आहेत, दोन सेल्समननी रेंजबाहेर 7 आणि 6 घेतल्या, तर 3 शॉर्ट पडणारच. त्या कुणाच्या कापायच्या याचा नियम आधी ठरलेला हवा. नियम नसला तर ज्याचा फोन आधी सिंक झाला त्याला माल मिळतो आणि दूरच्या रूटचा सेल्समन रोज मार खातो. दुसरी नेहमीची अडचण बॅटरी सेव्हरची. अँड्रॉइड पार्श्वभूमीतलं काम थांबवतं, ऑर्डरी फोनवरच अडकतात आणि सेल्समनला वाटतं की गेल्या. कटऑफच्या आधी ‘सिंक बाकी: 0’ बघूनच घरी जायचं, ही सवय लावावी लागते.

| | व्हॉट्सअ‍ॅप | फॉर्म व शीट | अ‍ॅप |
|---|---|---|---|
| रेंज नसताना | मेसेज थांबून राहतो | अडतं | चालतं |
| पिकलिस्ट | हाताने | बेरीज तयार | तयार |
| ऑर्डर न मिळालेली भेट | नोंद होत नाही | प्रश्न ठेवला तर | कारणासह |

तक्त्यातली शेवटची ओळ टार्गेटसाठी महत्त्वाची. 40 भेटींत 26 ऑर्डर म्हणजे 65 टक्के. पण उरलेल्या 14 दुकानांत सेल्समन गेला होता का, आणि गेला तर का रिकामा आला, हे माहीत नसेल तर रूट कमकुवत आहे की माणूस, ते ठरवता येत नाही. लोकेशनची अट लावायची तर घेरा 100 मीटरचा ठेवावा. दाट बाजारात जीपीएस सहज चुकतं, आणि 20 मीटरचा घेरा ठेवला तर प्रामाणिक माणूसच दारात उभा राहून अडतो.

टार्गेट दिवसांवर नाही, फेऱ्यांवर वाटावं. सोमवारच्या रूटला महिन्याला 360 पेट्या असतील, तर चार सोमवारांच्या महिन्यात फेरीला 90 आणि पाच सोमवारांच्या महिन्यात 72. बरीच अ‍ॅप कामाच्या दिवसांनी भागतात. हे आधी विचारून घ्या. आणि मोजणी घेतलेल्या ऑर्डरवर नको, पोचलेल्या मालावर हवी. नाहीतर महिनाअखेरीला ऑर्डरी फुगतात आणि पुढच्या आठवड्यात गाडीतून माल परत येतो.

डिस्पॅचमध्ये एक मर्यादा तिन्ही पद्धतींना आहे. सेल्समनचा रूट म्हणजे गाडीचा रूट नव्हे. एका दुकानाला प्रवासासह 12 मिनिटं धरली तर आठ तासांत 40 दुकानं होतात. 156 दुकानांना चार गाड्या जेमतेम पुरतील, गोडाऊनपासून जाण्यायेण्याचा वेळ धरला तर पाच. टिश्यूसारखा हलका माल आधी जागा भरतो, डिटर्जंट आधी वजन. म्हणून आयटमच्या यादीत दोन्ही आकडे भरलेले नसतील तर अ‍ॅपची लोडिंग शीट कागदावरच राहते. शेवटच्या दुकानाचा माल आधी चढवायचा, त्यामुळे शीट उलट्या क्रमाने छापता येते का तेही बघा.

आमचं मत असं: तीनपर्यंत सेल्समन आणि 40 पर्यंत आयटम असतील तर फॉर्म पुरे. त्यापुढे अ‍ॅप. व्हॉट्सअ‍ॅप फक्त अडीअडचणीला.

अ‍ॅप घेण्याआधी दोन फोनवर अर्धा तास चाचणी करा. दोन्ही एअरप्लेन मोडवर टाका, स्टॉकपेक्षा जास्त होईल अशी एकाच आयटमची ऑर्डर दोन्हींवर घ्या, अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा, मग एक फोन कटऑफआधी आणि दुसरा नंतर जोडा. दोन्ही ऑर्डरी एकेकदाच आल्या का, ऑर्डर घेतल्याची आणि सिंकची वेळ वेगळी दिसते का, आणि उशिराची ऑर्डर गुपचूप उद्याच्या गाडीत घुसली की परवाच्या, हे तपासा. विकणाऱ्याने ‘ते सेटिंगमधून होतं’ म्हटलं, तर ते सेटिंग त्याच बैठकीत करून दाखवायला सांगा.