डेली की वीकली: निफ्टीचा कोणता स्क्रीनशॉट कशासाठी वाचावा

एकाच निर्देशांकाचे दोन स्क्रीनशॉट, एक डेली, म्हणजे दर दिवसाला एक कॅन्डल असलेला, आणि एक वीकली, म्हणजे दर आठवड्याला एक असलेला, समोर ठेवले तर दोन्ही वेगळीच गोष्ट सांगतात, आणि निर्णय घ्यायच्या वेळी कोणावर विसंबायचे असा प्रश्न पडतो. जून 2024 मधली निफ्टी 50 ची चाल यासाठी चांगले उदाहरण आहे. 3 जूनला एक्झिट पोलच्या उत्साहात बाजार 23,338 च्या आसपास उघडला, 4 जूनला लोकसभेच्या मतमोजणीत 21,281 पर्यंत कोसळला, त्या दिवशी 21,884 वर बंद झाला आणि शुक्रवारी, 7 तारखेला, 23,290 वर पोहोचला.

डेली चार्टवर 4 जूनची लाल कॅन्डल आजूबाजूच्या सगळ्या कॅन्डल्सना ठेंगण्या करून टाकते. वीकली चार्टवर मात्र त्याच आठवड्याची कॅन्डल म्हणजे वर ओपन ते क्लोज अशी जेमतेम 48 अंकांची बॉडी आणि खाली नीचांकापर्यंत गेलेली सुमारे दोन हजार अंकांची लांबलचक विक. गंमत अशी की, आधीच्या शुक्रवारच्या 22,531 च्या तुलनेत निफ्टी तीन टक्क्यांहून अधिक वाढूनही ही कॅन्डल लालच दिसते, कारण रंग ठरतो तो त्याच आठवड्याच्या ओपन आणि क्लोजवरून, मागच्या क्लोजवरून नव्हे. रंग पाहून ट्रेंड ठरवणारा येथे हमखास फसतो.

सपोर्ट, म्हणजे घसरण जिथे पुन्हा पुन्हा थांबते ती पातळी, शोधायचा असेल तर माझा कौल डेलीला आहे. 20 मार्चला 21,710, 19 एप्रिलला 21,778 आणि 13 मेला 21,821 असे तीन तळ त्यावर सुटे सुटे दिसतात, आणि प्रत्येक तळ आधीच्यापेक्षा थोडा वर आहे हेही कळते. पाच वर्षांच्या वीकली स्क्रीनशॉटमध्ये उभ्या अक्षाचा एक मिलिमीटर सुमारे 200 अंकांचा असला, तर 111 अंकांचा हा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास येतो आणि तिन्ही तळ एकाच रेषेवर बसल्यासारखे वाटतात. डेलीतही अचूकतेला मर्यादा आहेच. 22,000 आणि 23,000 या आकड्यांमधले अंतर फोनवर चार सेंटिमीटर भरले, तर एक मिलिमीटर म्हणजे 25 अंक; म्हणून सपोर्ट एका आकड्यावर न धरता 21,700 ते 21,820 असा पट्टा आखणे प्रामाणिकपणाचे ठरते. 4 जूनला हा पट्टा दिवसाच्या मध्यात चारशेहून अधिक अंकांनी तुटला, पण क्लोज त्याच्या वर आला. क्लोजला महत्त्व देणाऱ्याच्या लेखी सपोर्ट टिकला. पट्ट्याखाली भाव गेला की आपोआप विकण्याचा स्टॉपलॉस लावलेला माणूस मात्र बाहेर फेकला गेला.

ट्रेंडसाठी वीकली बरा, कारण एका दिवसाची घबराट त्यात विकमध्ये जिरते आणि चढत जाणारे तळ व शिखरे नजरेत भरतात. अट एवढीच की शेवटची कॅन्डल पूर्ण झालेली हवी. 4 जूनच्या संध्याकाळी काढलेल्या वीकली स्क्रीनशॉटमध्ये हीच कॅन्डल सुमारे 1,450 अंकांची धडधडीत लाल बॉडी होती. डेलीलाही हाच नियम लागू आहे: त्या दिवशी नीचांकाच्या क्षणी घेतलेल्या चित्रात खालची विक नव्हतीच, बाजार बंद होईपर्यंत ती 603 अंकांची झाली. म्हणून स्क्रीनशॉट हाती आला की आधी वरच्या कोपऱ्यातले 1D किंवा 1W पाहावे आणि मग तो कोणत्या वेळी घेतला हे पाठवणाऱ्याला विचारावे. ज्याला याचे उत्तर देता येत नाही त्याचे चित्र मी बाजूला ठेवतो.

व्हॉल्यूमच्या, म्हणजे किती शेअर्सचे व्यवहार झाले याच्या, बाबतीत वीकली जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण पाच दिवसांची बेरीज झाली की उसळी नेमकी कुठल्या दिवशी आली हे पुसले जाते. डेलीवर आदल्या वीस दिवसांची सरासरी धरून तिच्या दुप्पट झालेले खांब वेगळे काढावेत, आणि प्रत्येक खांबाची कॅन्डल त्याच्या शेजारी ठेवून वाचावी. 4 जूनसारखी उसळी मोठ्या हालचालीसोबत येते, तेव्हा खरेदीदार आणि विक्रेते खरोखर भिडलेले असतात. 31 मे 2024 चा प्रकार निराळा होता. त्या दिवशीच्या क्लोजला एमएससीआय या जागतिक निर्देशांक कंपनीच्या निर्देशांकांतले बदल लागू व्हायचे होते, आणि अशा दिवशी त्या निर्देशांकांची नक्कल करणारे पॅसिव्ह फंड शेवटच्या अर्ध्या तासात आपली खरेदी-विक्री उरकतात. निफ्टी मात्र 42 अंकांनीच वाढून बंद झाला. असा उंच खांब आणि चिमुकली कॅन्डल दिसली की बातमी शोधण्याआधी कॅलेंडर उघडावे. याउलट दिवाळीतल्या मुहूर्ताच्या सत्राचा खांब तासाभराचाच असल्याने खुजा असतो. तो सरासरीत धरला तर सरासरी थोडी खाली येते आणि नंतरचे दिवस आहेत त्यापेक्षा किंचित मोठे वाटतात.

काही आठवड्यांसाठी शेअर घेणाऱ्याने डेलीवरच निर्णय घ्यावा आणि वीकली फक्त दिशा ताडून पाहण्यासाठी उघडावा. वर्षभर हलणारच नाही असे ठरवलेल्याला वीकली पुरतो, मात्र त्याने तो शनिवारी पाहावा.