मुक्तेश्वरजवळचे ‘सूर्यतापी’ घर : नकाशातील उत्तरेचा बाण फिरवून झालेली फसवणूक

कुमाऊँमध्ये मुक्तेश्वरच्या परिसरात हिवाळ्यात हीटरविना उबदार राहील असे ‘सूर्यतापी’ घर बांधून देतो, असे सांगून नागपुरात कार्यालय असलेल्या एका कंपनीने आमच्या कुटुंबाची फसवणूक केली. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. परंतु फसवणूक कशी केली गेली आणि ती नकाशावर व जागेवर कशी ओळखता येते, हे सविस्तर लिहीत आहे. थंड डोंगराळ हवामानातील घराचा हिशेब आपल्या विदर्भातील घराच्या अगदी उलट असतो आणि विक्रेत्यांनी नेमका त्याचाच फायदा घेतला.

आपण नागपूरकर घर बांधताना ऊन कसे टाळावे याचाच विचार करतो. पश्चिमेकडची खिडकी लहान ठेवतो, गच्चीवर पांढरा रंग देतो आणि शक्य तेथे दक्षिणमुखी दार टाळतो. मुक्तेश्वर सुमारे 2,200 मीटर उंचीवर आहे आणि तेथे डिसेंबर-जानेवारीत ऊन हीच घराची शेगडी असते. मुक्तेश्वरचे अक्षांश सुमारे साडेएकोणतीस अंश उत्तर आहेत, म्हणून 21 डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून केवळ 37 अंश वर येतो, आणि तोही दक्षिणेकडे. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य आग्नेयेच्या बाजूने उगवतो आणि नैर्ऋत्येच्या बाजूने मावळतो, त्यामुळे या संपूर्ण काळात उत्तरेकडच्या भिंतीवर उन्हाची एकही तिरीप पडत नाही. दक्षिणेची उभी काच मात्र हे तिरपे येणारे ऊन थेट खोलीच्या आतपर्यंत घेते. जूनमध्ये तोच सूर्य दुपारी 84 अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो, आणि खिडकीवरचा 60 सेंटिमीटरचा साधा छज्जा दीड मीटर उंचीच्या काचेवर भर दुपारचे ऊन येऊ देत नाही. हिवाळ्यात हाच छज्जा भर दुपारी काचेच्या वरच्या सुमारे 45 सेंटिमीटरवर सावली टाकतो आणि उरलेली काच उन्हात राहते. एवढ्या साध्या भूमितीवर अशा घराची सारी ऊब उभी असते. लेहजवळच्या फे गावातील ‘सेकमॉल’ संस्थेच्या मातीच्या इमारती याच तत्त्वावर उभारलेल्या आहेत.

कंपनीने सुरुवातीला दाखवलेला नकाशा या तत्त्वाला धरूनच होता, हे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. पूर्व-पश्चिम 10 मीटर, उत्तर-दक्षिण 5 मीटर अशी दोन मजली सुटसुटीत आयताकृती इमारत, एकूण क्षेत्र 100 चौरस मीटर, दक्षिणेच्या भिंतीत 12 चौरस मीटर दुहेरी काच, उत्तरेला जिना, न्हाणीघर आणि कोठीची खोली. भूखंड दक्षिण उतारावरचा होता. उत्तराखंडात नगरपालिका हद्दीबाहेर अन्य राज्यातील व्यक्तीला घरासाठी 250 चौरस मीटरपर्यंतच जमीन घेता येते, त्यामुळे जोत्याला केवळ 50 चौरस मीटर लागणारी ही रचना त्या दृष्टीनेही योग्य होती. पहिले दोन हप्ते आम्ही या नकाशावर दिले.

त्यानंतर कंपनीने कळवले की रस्त्याच्या कामामुळे भूखंड बदलावा लागत असून नवा भूखंड डोंगराच्या धारेच्या पलीकडे आहे, आणि तेथून नंदादेवी, त्रिशूल व पंचाचूलीची शिखरे समोर दिसतात. सोबत ‘जागेनुसार सुधारित’ नकाशा आला. त्यातही मोठ्या काचेपुढे ‘दक्षिण’ असेच लिहिलेले होते. खरी लबाडी येथे होती. मुक्तेश्वरहून ही हिमशिखरे उत्तरेला आणि ईशान्येला दिसतात. ज्या काचेतून नंदादेवी समोर दिसते, ती काच दक्षिणेला असूच शकत नाही. नव्या नकाशात त्यांनी उत्तरेचा बाण बरोबर 180 अंशांनी फिरवला होता आणि घराचे तोंड उत्तर उताराकडे केले होते. माझी आतेबहीण नागपुरातच आर्किटेक्ट आहे. तिने दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाली, “दादा, घर फिरलेलं नाही, बाण फिरवला आहे. नाल्याची वाहण्याची दिशा बघ. दोन्ही नकाशे खरे असतील तर या नकाशात नाला डोंगरावर चढतो आहे.” तिचे म्हणणे मी उपग्रह नकाशावर पडताळून पाहिले आणि ते खरे निघाले. परंतु तोपर्यंत जोते आणि भिंती उभ्या राहिल्या होत्या.

विचारणा केल्यावर कंपनीच्या प्रतिनिधीने आधी ‘वास्तूप्रमाणे उत्तराभिमुख घर शुभ असते, म्हणून तुमच्याच हितासाठी बदल केला’ असे सांगितले, आणि करारातील ‘दक्षिण’ हा शब्द दाखवल्यावर ‘दक्षिण म्हणजे प्रकल्पाची दक्षिण’ असे उत्तर दिले. प्रकल्पाची वेगळी दक्षिण नसते. उत्तर उतारावरची जमीन बहुधा स्वस्त असते आणि शिखरांच्या देखाव्यामुळे तीच जास्त भावाने विकता येते, हे त्यामागचे खरे कारण असावे असे मला वाटते.

काचेचा हिशेब थोडा विस्ताराने मांडतो, कारण यातच नुकसान स्पष्ट दिसते. आत 18 अंश आणि बाहेर दिवस-रात्र मिळून सरासरी 5 अंश धरले, तर फरक 13 अंशांचा होतो. दुहेरी काचेचा एक चौरस मीटर या फरकाला चोवीस तासांत सुमारे 0.9 युनिट उष्णता बाहेर जाऊ देतो. एकेरी काच त्याच्या दुप्पट, सुमारे 1.8 युनिट घालवते. दक्षिणेकडील दुहेरी काच निरभ्र हिवाळी दिवशी प्रत्येक चौरस मीटरला साधारण तीन युनिट उष्णता आत घेते, म्हणजे 12 चौरस मीटरला 36 युनिट जमा आणि सुमारे 11 युनिट खर्च. आमच्या घरात उत्तरेला लावलेली काच एकेरी निघाली. तिच्यातून दररोज सुमारे 22 युनिट उष्णता बाहेर जाते आणि आकाशाच्या पसरट उजेडातून त्याची भरपाई फारच थोडी होते. एक हजार वॅटचे चार हीटर साडेपाच तास चालवल्यावर जेवढी ऊब मिळते, तेवढी केवळ त्या देखाव्याच्या काचेतून जाते.

काच एकेरी आहे की दुहेरी, हे ओळखण्याची पद्धत सोपी आहे. अंधार पडल्यावर मोबाइलचा दिवा काचेजवळ तिरका धरावा. एकेरी काचेत दिव्याची दोन प्रतिबिंबे एकमेकांना चिकटून दिसतात, तर दुहेरी काचेत दोन जोड्या, म्हणजे चार प्रतिबिंबे, अंतर राखून दिसतात. आमच्या चौकटी जाड होत्या आणि बाहेरून दुहेरी काचेच्याच वाटत होत्या, म्हणून ही चाचणी प्रत्येक खिडकीवर करावी. आणखी एक गोष्ट या कंपनीच्या दरपत्रकात होती. ‘उष्णता परावर्तित करणारी उच्च दर्जाची काच’ असे म्हणून ते काळसर काचेचे जास्त पैसे मागत होते. नागपूरच्या कार्यालयाला ती काच उपयोगाची आहे, पण थंड प्रदेशात दक्षिणेला ती लावली तर हवे असलेले ऊन बाहेरच अडते.

आता घराच्या आकाराविषयी. दोन मजली आयताऐवजी कंपनीने एकमजली, मधल्या अंगणाभोवती तीन बाजूंनी वळणारे घर बांधले. कारण असे दिले की भूकंपप्रवण भागात दोन मजले धोक्याचे असतात. हे कारण ऐकायला पटते, पण टिकत नाही. भूकंपासाठीच्या भारतीय मानकात, आयएस 1893 मध्ये, आत वळलेल्या कोपऱ्यांचा आराखडा अनियमित मानला जातो, आणि नीट बांधलेला सममित आयत त्यापेक्षा चांगला ठरतो. उष्णतेच्या दृष्टीने तर तोटा उघड आहे. मूळ घराच्या बाहेरच्या भिंती 180 चौरस मीटर आणि छत 50, म्हणजे थंडीला उघडे पृष्ठफळ 230 चौरस मीटर होते. बांधलेल्या घराच्या बाहेरच्या कडेची लांबी 58 मीटर आणि उंची 3 मीटर, म्हणजे भिंती 174 चौरस मीटर आणि छत 100, असे मिळून 274 चौरस मीटर होते. वापराची जागा तेवढीच, पण उष्णता गमावणारे पृष्ठफळ जवळजवळ एक पंचमांशाने वाढले. त्यातही छताची दुप्पट वाढ सर्वांत वाईट, कारण निरभ्र रात्री छत उघड्या आकाशाकडे उष्णता टाकत राहते. अंगण उत्तरेला उघडे असल्यामुळे हिवाळ्यात तेथे पडलेले दव दुपारपर्यंत गोठलेलेच राहते. जमीन सपाट करण्यासाठी डोंगरही जास्त कापावा लागला आणि त्या आधारभिंतीचा खर्च आमच्याच बिलात लावला गेला.

जागेवर दिशा तपासण्यासाठी मोबाइलमधील होकायंत्रावरच विसंबू नये, कारण लोखंडी सळ्यांजवळ ते चुकते. नागपूर आणि मुक्तेश्वर जवळजवळ एकाच रेखांशावर असल्याने दोन्हीकडे डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्ह साधारण सव्वाबारा वाजता होतो. त्या वेळी उभ्या काठीची सावली नेमकी उत्तरेला पडते. काचेतून बाहेर पाहताना सावली काचेपासून दूर, बाहेरच्या दिशेने जात असेल, तर ती काच उत्तरेची आहे. त्यानंतर दक्षिणेकडील डोंगराच्या धारेचा कोन मोजावा. 21 डिसेंबरला मध्यान्हाच्या तीन तास आधी आणि तीन तास नंतर सूर्य सुमारे 22 अंशांवरच असतो. आमच्या नव्या भूखंडावरून धार 33 अंशांवर दिसते, म्हणजे त्या दिवसांत ऊन जेमतेम तीन तास मिळते. अशा जागी काच खरोखर दक्षिणेला बसवली असती, तरी पहिल्या नकाशातील ऊब मिळाली नसती. म्हणून भूखंड बदलणे ही या व्यवहारातील सर्वांत मोठी हानी आहे आणि ती कोणत्याही दुरुस्तीने भरून निघणार नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे आम्ही ती नागपुरातच दाखल केली आहे. दोन्ही नकाशे, शिखरांसह काचेचे छायाचित्र, मध्यान्हीच्या सावलीचे वेळेसह छायाचित्र आणि आतेबहिणीचा लेखी अहवाल आम्ही जोडला आहे. शेवटचा हप्ता आम्ही रोखून धरला आहे. दरम्यान उत्तरेच्या काचेला आतून जाड, कापूस भरलेले पडदे लावले असून ते सूर्यास्तापूर्वी ओढून घेतो. दक्षिणेच्या भिंतीमागे डोंगराची आधारभिंत असल्याने तेथे केवळ वरच्या भागात दोन लांबट खिडक्या काढता येतील, असे स्थानिक मिस्त्रींचे मत आहे.

आमच्या ओळखीचे एक कुटुंब अशाच व्यवहारात उतरत आहे. त्यांच्या करारात आतेबहिणीने हे कलम घालून दिले : ‘मुख्य काचेचा पृष्ठभाग खऱ्या दक्षिणेपासून दोन्ही बाजूंस 15 अंशांच्या आत असेल, भूखंड बदलल्यास हा करार रद्द होऊन संपूर्ण रक्कम परत केली जाईल, बाहेरच्या भिंती व छताचे एकूण पृष्ठफळ सोबतच्या नकाशातील आकड्यापेक्षा जास्त असणार नाही, आणि काचेचा हप्ता खरेदीदाराने प्रत्येक खिडकीची दिव्याने तपासणी केल्यानंतरच देय होईल.’ विक्रेत्याने शेवटच्या अटीवर हरकत घेतल्याचे कळले असून, त्या कुटुंबाने अजून सही केलेली नाही.