लग्नाचा खर्च: निम्मा-निम्मा की ज्याची पाने त्याच्याकडे?

दोन्ही घरांनी मिळून लग्न करायचे ठरले की बैठकीत बहुधा दोनच मार्ग पुढे येतात. एक म्हणजे एकूण खर्च निम्मा-निम्मा वाटून घेणे, आणि दुसरा म्हणजे कार्यालय, मांडव, गुरुजी, फोटो हा समाईक खर्च निम्मा ठेवून जेवणाचा खर्च मात्र आपापल्या पाहुण्यांच्या पानांप्रमाणे उचलणे. आम्ही पहिल्या मार्गाने निघालो आणि लग्नाला सहा आठवडे उरले असताना दुसऱ्यावर आलो, म्हणून दोन्हींविषयी थोडे अनुभवाने लिहू शकतो.

निम्म्या-निम्म्याचे मोठे सुख असे की बैठकीत तो मान्य व्हायला पाच मिनिटे लागतात आणि कोणालाही हिशेबी झाल्यासारखे वाटत नाही. दोन्ही घरांचा गोतावळा साधारण सारखा असेल, तर यापेक्षा बरा मार्ग शोधण्याचे कारण मला दिसत नाही. आमचे मात्र तसे नव्हते. पत्नीचे माहेर नाशिक शहरातले, त्यांची यादी २७० जणांची. आमचे घर निफाड तालुक्यातले, भाऊबंद आणि गाव धरून आमची यादी ४३० ची. पानाचा दर ३५० रुपये होता, म्हणजे जेवणाचे २,४५,००० रुपये आणि प्रत्येकाकडे १,२२,५००. पानांप्रमाणे धरले असते तर आमच्याकडे १,५०,५०० आले असते आणि त्यांच्याकडे ९४,५००. फरक २८,००० रुपयांचा होता, आणि दोन्ही घरांना तो झेपण्यासारखा होता.

तरीही मार्ग बदलावा लागला, याचे कारण पैसा नव्हते. निम्म्या खर्चात समोरच्याच्या यादीतले प्रत्येक नाव आपल्या खिशातून जाते, त्यामुळे ती यादी तपासण्याचा हक्क आपोआप दोघांकडे येतो. आमच्या यादीत एक ओळ होती : ‘मळ्यावरचे भाऊबंद – ८’. सासऱ्यांनी तिच्याखाली लाल पेनाने रेघ मारून बाजूला प्रश्नचिन्ह काढले होते. त्यांचा प्रश्न रास्त होता, कारण त्या आठांना आवतण घरटी एक आहे की चूलबंद, यावर तिथे आठ पाने लागणार की पस्तीस हे ठरणार होते. पण तो प्रश्न त्यांनी माझ्या वडिलांना विचारला नाही, मुलीला विचारला; तिने रात्री फोनवर मला विचारला, आणि मला तो तिचाच वाटला. “तुमच्याकडचे अजून किती वाढणार आहेत?” असे ती म्हणाली, तेव्हा ‘तुमच्याकडचे’ हा शब्द मला इतका लागला की त्या रात्री आम्ही दुसरे काहीच बोललो नाही. असे फोन तीन आठवडे चालले. माझा कल ठरला तो याच एका गोष्टीने.

पानांप्रमाणे वाटणी केल्यावर हा प्रश्नच उरला नाही, कारण मळ्यावरून किती माणसे येणार ही केवळ माझ्या वडिलांची काळजी झाली. त्यांनीच वही घेऊन प्रत्येक नावापुढे आवतणाचा प्रकार आणि पाने असे दोन रकाने आखले, आणि दूरच्या काही चुलींना घरटी एकावर आणले. हीच गोष्ट सासऱ्यांनी सुचवली असती तर ती अपमान ठरली असती.

या मार्गातही खोच आहे. लॉन्सवर जेवणाच्या रांगेत उभा असलेला माणूस कोणाकडचा, हे सांगता येत नाही. केटरर फक्त एकूण ताटे मोजतो. म्हणून वाटणी प्रत्यक्ष जेवणाऱ्यांवर न करता ठरलेल्या यादीच्या प्रमाणातच करावी, आणि हे बैठकीतच लिहून घ्यावे. आमच्याकडे ७०० ऐवजी ६७० ताटे लागली. वाचलेले १०,५०० रुपयेही त्याच प्रमाणात वाटले गेले. केटररने किमान पानांची हमी घेतली असेल, तर ती कमी पडल्यास भरपाई कोणाकडे, हेही आधीच ठरलेले बरे. दोन्हीकडची ओळखीची माणसे, म्हणजे आमच्या बाबतीत महाविद्यालयातले मित्र, समाईक खर्चात घालावीत, नाहीतर त्यांच्यावरून पुन्हा फोन सुरू होतात.

एका बाबतीत मात्र मी जपून बोलेन. ज्या घराची ऐपत बेताची आणि भावकी मोठी, त्याला ही वाटणी जड जाते, आणि तिथे माणसे गाळण्याचे दुःख एकाच घराच्या वाट्याला येते. अशा वेळी निम्मा-निम्माच ठेवून दोघांच्या पानांचा आकडा आधी बांधून घ्यावा आणि त्या आकड्यात नावे कोणाची, हे समोरच्याने विचारू नये, असे मला वाटते. आणि मार्ग कोणताही घेतला तरी यादीविषयीचा निरोप वर-वधूमार्फत पाठवू नये. माझे वडील आणि सासरे नंतर दर रविवारी एकमेकांना थेट फोन करू लागले. पहिला फोन अवघडलेला होता, तिसऱ्यापर्यंत त्यात द्राक्षांच्या भावाची चौकशीही येऊ लागली.