‘पाणी किती?’ की ‘जेवलात का?’ : निरोपाच्या भाषणाचं शेवटचं वाक्य

सांगलीतल्या पाटबंधारे खात्यातले आप्पा येत्या 31 तारखेला निवृत्त होतायत. भाषण करणारा मित्र कागद घेऊन माझ्याकडे आला. सुरुवात त्याला छान सापडली होती: “पावसाळ्यात सांगलीकर आधी विचारतो, ‘आयर्विनला पाणी किती?’ आणि मग ‘कसं काय?’ आम्ही सगळ्यांनी ते आप्पांनाच विचारलं.” आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, पुराचं पाणी तिथेच मोजतात. शेवटासाठी मात्र तीन वाक्यं होती आणि त्यातलं एक निवडायचं होतं.

पहिलं असं: “आप्पांचं पुढील आयुष्य सुखसमृद्धीचं जावो ही ईश्वरचरणी प्रार्थना. एवढं बोलून माझे दोन शब्द संपवतो.” आप्पांच्या जागी कुणाचंही नाव घातलं तरी हे चालतं. शुभेच्छा द्यायच्याच असतील तर आधीच्या परिच्छेदात उरकून घ्याव्यात.

दुसरं: “आप्पा, आता आयर्विनला पाणी किती, हे आम्हाला कोण सांगणार?” सुरुवातीचे शब्द जसेच्या तसे परत येतात, सभागृह हळहळतं. पण विचार तिथल्या तिथेच राहतो. शिवाय आप्पांचा चार्ज घेणारा पोरगा पहिल्याच रांगेत बसलेला असणार, त्याला काय वाटेल? असा कुणी नसेल आणि भाषण दोन मिनिटांचं असेल, तर हे वाक्य चालून जाईल.

तिसरं आम्ही दोघांनी बसून केलं: “आप्पा, फोन आम्ही उद्याही करू. पण ‘पाणी किती?’ नाही विचारणार. विचारू, ‘आप्पा, जेवलात का?’”

माणूस तोच, फोन तोच, फक्त विचारायची गोष्ट बदलली. इतकी वर्षं आप्पांकडून आकडा घेतला, त्यांची विचारपूस राहूनच गेली, एवढा एकच विचार ऐकणारा घरी नेतो. मी हेच निवडेन.

मात्र याची तयारी मधे करावी लागते. आयर्विनला इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांपर्यंत गेलं, तेव्हा आप्पांच्या स्वतःच्या घरात पाणी होतं आणि ते ऑफिसात फोन घेत होते. हा प्रसंग मित्राच्या कागदावर नव्हताच, तो मधोमध घातला. त्याशिवाय ‘जेवलात का?’ नुसतं गोड वाटलं असतं, घशात आवंढा आला नसता.

अजून एक चूक सापडली. सुरुवातीत त्याने एका जागी ‘पातळी किती?’ लिहिलं होतं. कानाला धागा जुळायचा तर दोन्हीकडे ‘पाणी किती?’च हवं. आणि शेवटच्या वाक्यानंतर ‘धन्यवाद’ नको, सरळ खाली बसायचं. निवेदकाला आधीच सांगून ठेवलंय: शाल-श्रीफळाची घोषणा पाच सेकंद थांबून कर.