हायब्रिड ट्रे, ई-सिम आणि माझं मेमरी कार्ड: आठ महिन्यांनंतर

माझे नंबर दोन. एक बँकेला जोडलेला जुना, दुसरा कामाचा. साइटचे व्हिडिओ काढत असतो, म्हणून मेमरी कार्डही हवंच. फोन घेताना डब्यावर 'ड्युअल सिम' वाचून खूश झालो. घरी ट्रे ओढला तर दुसऱ्या खाचेत सिम बसेल किंवा कार्ड, दोन्ही नाही. यालाच हायब्रिड म्हणतात.

सीताबर्डीतला एक दुकानदार म्हणाला, "काहून टेन्शन घेता भाऊ, सिमचं प्लास्टिक सोलून चिप कार्डावर चिकटवून देतो." लोक करतातही तसं. पण जाडी वाढून ट्रे आत अडकला, तर सिमसोबत फोनचा स्लॉटही जातो. मी हात जोडले.

मग *#06# दाबलं. आयएमईआय तर कुठल्याही दोन सिमच्या फोनमध्ये दोन दिसतात, त्यावरून काही कळत नाही. त्यांच्यासोबत ३२ अंकी EID दिसला, म्हणजे ई-सिम चालणार. दुकानातच हे पाहून घ्यायला हवं होतं. मग एक नंबर ई-सिममध्ये, एक सिम ट्रेमध्ये आणि उरलेल्या खाचेत १२८ जीबीचं कार्ड, जे फोनमध्ये ११९ च्या आसपास दिसतं.

चूक केली ती कुठला नंबर ई-सिम करायचा यात. आधी बँकेचाच केला. सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, हे विसरलो. ओटीपी नाही, यूपीआयची नव्याने नोंदणी नाही, आणि त्याच संध्याकाळी वीजबिलाची शेवटची तारीख. पुढच्याच आठवड्यात तो नंबर परत प्लास्टिकच्या सिमवर आणला, म्हणजे आणखी २४ तास. कामाचा नंबर ई-सिम केला.

याचा फायदा चौथ्या महिन्यात कळला. फोन पडला, डिस्प्ले काळा. बँकेचं सिम काढून जुन्या फोनात टाकलं, पाच मिनिटांत ओटीपी सुरू. कामाचा नंबर मात्र चार दिवस मुका. जुन्या फोनात ई-सिमची सोयच नव्हती, आणि एकदा वापरलेला क्यूआर कोड बहुधा पुन्हा चालत नाही. डिस्प्ले बदलल्यावर नंबर आपोआप परत आला, कारण ई-सिमची चिप बोर्डावर असते. बोर्डच बदलला असता तर EID नवा आणि सगळी प्रक्रिया पहिल्यापासून. हो, फोन रीसेट करताना 'ई-सिम पुसायचं का' असं विचारतो, तिथे चुकूनही टिक करू नका.

एक खटकतं. कार्ड काढायला ट्रे ओढला की बँकेचं सिमही बाहेर येतं. आधी सेटिंगमधून कार्ड अनमाउंट करतो. एकदा घाईत तसाच ओढला आणि अर्धवट कॉपी झालेला व्हिडिओ उघडेचना.

फोन वर्षा-दोन वर्षांनी बदलत असाल किंवा जुन्या हँडसेटमध्ये सिम टाकून वापरत असाल, तर दोन सिम आणि कार्ड यांना वेगवेगळ्या तीन खाचा असलेला फोनच शोधा. असे फोन कमी उरलेत, आणि बहुतेक स्वस्त गटातले. माझ्यापुरता हायब्रिड अधिक ई-सिम जमला.