इकॉलॉजीची एसओपी: सगळे कॅम्प मांडावेत की एकच सडा?

इकॉलॉजीच्या मास्टर्ससाठी एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं स्टेटमेंट ऑफ पर्पज, लिहायला बसलं की फील्डवर्क मांडायच्या दोन वाटा दिसतात. एकतर सगळे अनुभव क्रमाने सांगायचे, नाहीतर एकाच कामात शिरून तिथे पडलेला प्रश्न उलगडायचा. मी दोन्ही मसुदे लिहून पाहिले.

पहिला क्रमाचा. पक्षीगणना, कॅमेरा ट्रॅप, मग रत्नागिरीच्या सड्यांवरचं, म्हणजे जांभ्याच्या कातळ पठारांवरचं, सरपटणाऱ्या प्राण्यांचं सर्वेक्षण. लिहायला सोपा, काही सुटल्याची रुखरुख नाही. पण प्रत्येक परिच्छेद 'यातून खूप शिकायला मिळालं' इथे येऊन थांबायचा. नेमकं काय, ते लिहायच्या आत पुढचा कॅम्प सुरू व्हायचा. हे सगळं सीव्हीत तारखांसकट होतंच. मला शेवटपर्यंत खटकलं ते हेच.

दुसऱ्यात फक्त सडा घेतला. जांभ्याच्या सुट्या दगडांखाली छोट्या पाली असतात, विंचू असतात, एखादं फुरसंही निघतं. आम्ही आखलेल्या चौकटीतले दगड मोजून उलटायचो, नोंद करायचो आणि दगड होता तसाच परत बसवायचो. मोकळ्या सड्यावर पाली बऱ्यापैकी मिळायच्या, कलमांसाठी फोडलेल्या सड्यावर जवळजवळ नाहीतच. बागेमुळे पाली गेल्या, असंच वाटत होतं. मग वहीतल्या वेळेच्या रकान्याकडे लक्ष गेलं. मोकळा सडा मुक्कामाजवळ, तिथे आम्ही सकाळी ७ ला असायचो. बागेत पोचेस्तोवर १२ वाजायचे आणि दगडांचा हाताला चटका बसायचा. पाली बागेमुळे नव्हत्या, की उन्हामुळे खोल फटींत शिरल्या होत्या? आमच्या नोंदींवरून ते सांगताच येत नव्हतं.

एसओपीत मी तेच लिहिलं. दोन्ही जागी सकाळी आणि दुपारी, पुन्हापुन्हा जायला हवं होतं. अशा वारंवार भेटींच्या नोंदींवरून 'नाही' आणि 'दिसलं नाही' यांतला फरक काढणारी ऑक्युपन्सी मॉडेल्स मला शिकायची आहेत. हा कोर्सच का हवा, ते मग वेगळं पटवावं लागलं नाही. सर्वेक्षणाचा आराखडा माझा नव्हता, दगड उलटणं आणि वही सांभाळणं माझ्याकडे होतं, हेही एका वाक्यात सांगितलं.

दुसरी शाखा सोडून इकडे येणाऱ्यांना क्रमाचा मसुदा कदाचित जास्त उपयोगी पडेल. त्यांची चिकाटी त्यातच दिसते. प्रबंध करायचा असेल आणि आधी गाइड शोधायचा असेल, तर मात्र त्या गाइडला तुम्ही विचार कसा करता ते वाचायचं असतं. सड्याच्या मसुद्यातही एक धोका आहे: पद्धतीचं वर्णन पसरत जातं. माझं पहिल्यांदा दीड पान झालं होतं, ते कापून अर्ध्यावर आणलं.

तुमच्या वहीत असा एखादा रकाना सापडत असेल, तर मी तरी बाकीचे कॅम्प सीव्हीवर सोडून देईन.